हॉटेलचा माफीनामा: काय घडले, काय केले, जबाबदार कोण

हॉटेलातल्या अस्वच्छतेची चित्रफीत मोबाइलवरून पसरू लागली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या हॉटेलच्या खात्यावर एक साधा फोटो आणि त्याखाली माफीचा मजकूर दिसतो. हा मजकूर बहुधा दीड-दोनशे शब्दांचा असतो. तो वाचणारी माणसे मात्र एका प्रकारची नसतात. त्या आठवड्यात तिथे जेवून गेलेला माणूस तो वाचतो आणि आपल्या पोटात काय गेले याचा अंदाज घेतो. हॉटेलातला आचारी, वेटर आणि भांडी घासणारा कामगार तो वाचतात आणि आपली नोकरी राहणार की जाणार हे त्यात शोधतात. अन्न व औषध प्रशासनाचा अन्न सुरक्षा अधिकारीही तो वाचतो आणि मालकाने काय कबूल केले आहे ते पाहतो. या सगळ्यांना एकाच मजकुरातून उत्तर द्यायचे असल्याने तो लिहिणे अवघड असते. बहुतेक हॉटेले तिथेच चुकतात. जे घडले ते सांगण्याऐवजी ती स्वतःबद्दल सांगू लागतात.

अशा मजकुराचा अभ्यास करण्यासारखा नमुना चीनमधला आहे. हायदीलाओ ही हॉटपॉटची साखळी १९९४ मध्ये सिचुआन प्रांतातल्या ज्येनयांग गावात जांग योंग आणि त्यांच्या साथीदारांनी सुरू केली. हॉटपॉट म्हणजे टेबलावरच उकळत ठेवलेला रस्सा. त्यात भाज्या, मांस, नूडल्स आपापल्या हाताने शिजवून खायचे. हायदीलाओचे नाव चवीपेक्षाही सेवेसाठी जास्त झाले. टेबल रिकामे होईपर्यंत थांबलेल्या ग्राहकांना फळे मिळत, नखे रंगवून मिळत, बूट पुसून मिळत. ग्राहकाच्या डोळ्यांसमोर असलेल्या प्रत्येक गोष्टीची काळजी घेणारे हॉटेल अशी त्याची ख्याती होती.

२५ ऑगस्ट २०१७ रोजी बीजिंगच्या ‘लीगल इव्हनिंग न्यूज’ या दैनिकाने त्या हॉटेलची ग्राहकाला न दिसणारी बाजू छापली. दैनिकाचा प्रतिनिधी सुमारे चार महिने कामगार म्हणून आत राहिला होता. बीजिंगमधल्या जिनसोंग आणि तायांगगोंग या दोन शाखांत त्याने जे पाहिले ते फोटो आणि चित्रफितींसह आले. जिन्नस ठेवण्याच्या आणि भांडी धुण्याच्या जागेत उंदीर फिरत होते. केराची सुपली आणि फडकी ताटवाट्यांबरोबर एकाच जागी धुतली जात होती. भांडी धुण्याच्या यंत्राच्या आतल्या बाजूस तेलकट थर साचला होता. मोरी तुंबली की ग्राहकांच्या टेबलावर जाणारा झारा ती मोकळी करायला वापरला जात होता. काही तासांत हे सगळे देशभर पोहोचले.

त्याच दुपारी कंपनीने वेइबो या समाजमाध्यमावर पहिला मजकूर टाकला. त्यात बातमी खरी असल्याचे सरळ कबूल केले होते. बातमीदार लपून आत शिरला, फोटो जुने आहेत, एवढ्या शाखांपैकी दोनच ठिकाणी असे झाले, असे काहीही त्यात नव्हते. संध्याकाळ होण्याच्या सुमारास दुसरा मजकूर आला आणि खरे महत्त्व त्याचेच आहे. तो सात मुद्द्यांचा होता. दोन्ही शाखा बंद ठेवून तपासणी करायची. बाहेरची कंपनी बोलावून गटारे, छत आणि कानाकोपरे तपासून उंदरांचा बंदोबस्त करायचा. बाकीच्या सर्व शाखाही लगेच तपासायच्या. झालेल्या प्रकाराची माहिती आपणहून सरकारी खात्याला द्यायची. स्वयंपाकघरात कॅमेरे बसवून आतले काम बाहेर दिसेल असे करायचे. परदेशातल्या शाखाही तिथल्या कायद्यानुसार तपासायच्या. यातल्या बहुतेक कामांपुढे जबाबदार अधिकाऱ्याचे नाव आणि पद लिहिले होते. पाहणीसाठी यायचे असेल त्याने कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, तेही दिले होते.

सहाव्या मुद्द्यावर तेव्हा सर्वांत जास्त चर्चा झाली. बंद झालेल्या दोन शाखांतल्या व्यवस्थापकांनी आणि कामगारांनी घाबरून जाऊ नये, त्यांनी नियमाप्रमाणे सुधारणा करावी आणि आपल्या वाट्याची जबाबदारी घ्यावी. अशा घटनांच्या मुळाशी कंपनीच्या कारभारातला दोष आहे आणि मुख्य जबाबदारी संचालक मंडळाची आहे, अशा आशयाचा तो मुद्दा होता. अशा प्रसंगी भांडी घासणाऱ्या माणसाला काढून टाकायचे आणि ‘संबंधित कर्मचाऱ्यावर कडक कारवाई केली आहे’ असे लिहायचे, ही सगळीकडचीच सवय आहे. ते वाचायला कठोर वाटते, पण त्याने काही सुधारत नाही. मोरी तुंबल्यावर हाताशी दुसरे साधन नव्हते म्हणून झारा वापरला गेला असेल, तर कामगार बदलल्यावर नवा माणूसही तोच झारा उचलेल. शिवाय एकाला काढलेले पाहिले की बाकीचे गप्प बसायला शिकतात. पुढच्या वेळी उंदीर दिसला तरी मालकाला सांगायला कोणी येत नाही.

हा मजकूर निर्दोष होता असे मात्र नाही. पहिल्या पत्रात कंपनीने लिहिले होते की स्वच्छतेसंबंधीचे असे प्रकार दर महिन्याला हाताळले जातात आणि त्यांचा निकाल जाहीरही केला जातो. लिहिणाऱ्याला यातून आपला प्रामाणिकपणा दाखवायचा होता. जाणत्या वाचकाने मात्र त्यातून वेगळेच घेतले: प्रकार ठाऊक होते, दर महिन्याला होत होते, आणि तरीही दोन शाखांत महिनोन् महिने उंदीर फिरत राहिले. माफीच्या मजकुरात आपल्या जुन्या पद्धतीचे कौतुक आले की असे होते. ती पद्धत अपुरी पडली म्हणूनच तर माफी मागावी लागलेली असते. पुढच्या दोन दिवसांत बीजिंगच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीला बोलावून सुधारणांची मागणी केली आणि कंपनीला त्याबाबत आणखी एक निवेदन काढावे लागले. चांगला मजकूर लिहिला म्हणून चौकशी टळत नाही, आणि टळूही नये.

कारण सांगणे आणि सबब सांगणे यांत लिहिणाऱ्याची बहुतेक वेळा गल्लत होते. सबब नको म्हणून कारणच गाळले, तर वाचकाला केलेल्या उपायाची परीक्षा करता येत नाही. ‘आम्ही सर्व आवश्यक पावले उचलली आहेत’ या वाक्यात सबब नाही, पण माहितीही नाही. फरक ओळखायची सोपी कसोटी अशी की, कारणाच्या पाठोपाठ त्याच्याशी जोडलेला उपाय येतो; सबबीच्या पाठोपाठ काहीच येत नाही, फक्त दोष हलका होतो. ‘पावसाळ्यामुळे गटारातून झुरळे वर आली’ एवढेच लिहिले तर ती सबब. ‘धुण्याच्या जागेतल्या मोरीला जाळी नव्हती, त्या वाटेने झुरळे वर आली, जाळी आज बसवली’ असे लिहिले की ते कारण. पावसाळा दरवर्षी येतो, आणि जाळी बसवणे मालकाच्या हातात असते.

आपल्याकडच्या माफीनाम्यांत काही वाक्ये जणू छापील असल्यासारखी येतात. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ हे त्यातले पहिले. पुलावात झुरळ सापडल्यावर प्रश्न भावनांचा नसतो, आणि ‘असतील तर’ म्हटले की घडलेल्या गोष्टीवरच शंका घेतल्यासारखे होते. ‘गेली ३० वर्षे आपण आमच्यावर विश्वास ठेवला’ हे दुसरे. ते खरे असेलही, पण ते वाचताना ज्याच्या ताटात झुरळ निघाले त्याला वाटते की आपली तक्रार ३० वर्षांच्या तराजूत टाकून हलकी केली जाते आहे. ‘हा अपवादात्मक प्रकार आहे’ हे तिसरे, आणि सर्वांत धोक्याचे. तपासणी पूर्ण होण्याआधी हे वाक्य लिहिणाऱ्याला ते ठाऊक असणे शक्यच नसते. झुरळांबाबत तर ते बहुधा खोटेच ठरते. स्वयंपाकघरात आढळणारे लहान तपकिरी झुरळ रात्री फिरते आणि दिवसा फटीत लपून बसते. दिवसाउजेडी, माणसांच्या वर्दळीत एखादे दिसले, तर आत जागा पुरत नाही इतकी त्यांची संख्या वाढली आहे असे पेस्ट कंट्रोलवाले मानतात.

उशीर केला तर चांगला मजकूरही किती तोकडा पडतो, हे जपानमधल्या सुकिया या साखळीच्या बाबतीत दिसले. भातावर गोमांसाचे पातळ काप घालून देणारी, चोवीस तास उघडी असणारी ही दुकाने. त्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास. २१ जानेवारी २०२५ रोजी सकाळी तोत्तोरी शहरातल्या एका शाखेत ग्राहकाच्या मिसो सूपच्या वाटीत मेलेला उंदीर निघाला. शाखा बंद ठेवून तपासणी झाली, इमारतीच्या फटी बुजवण्यात आल्या आणि दोन दिवसांनी ती पुन्हा उघडली. म्हणजे काम झाले होते. पण कंपनीने जाहीरपणे काहीच सांगितले नाही. वाटीचा फोटो नकाशा-सेवेवरच्या अभिप्रायांत पडून होता. मार्चमध्ये तो पसरला आणि खरा की बनावट यावर वाद सुरू झाला. २२ मार्चला, दोन महिन्यांनी, कंपनीने प्रकार खरा असल्याचे मान्य केले. सूपच्या वाट्यांत सुके जिन्नस आधीच घालून ठेवले जात, त्यांतल्या एका वाटीत उंदीर शिरला आणि देताना कर्मचाऱ्याने वाटीत नीट पाहिले नाही, असे तिने सांगितले. त्यानंतरच्या कामकाजाच्या पहिल्या दिवशी मूळ कंपनी झेन्शोच्या शेअरचा भाव घसरला.

पुढच्या निवेदनात कंपनीने अधिक बारकाईने माहिती दिली. शीतकपाटाच्या दाराच्या खालच्या रबरी पट्टीला चीर होती, उंदीर तिथून आत गेला असण्याची शक्यता आहे. आणि प्रयोगशाळेतल्या तपासणीवरून तो उंदीर तापवला गेलेला नव्हता, म्हणजे सूपच्या मोठ्या पातेल्यात तो नव्हता. त्या सकाळी तिथे सूप प्यायलेल्या बाकीच्या ग्राहकांच्या दृष्टीने हे शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे होते. ते त्यांना जानेवारीतच कळायला हवे होते. घटना घडली तेव्हाच जाहीर करायला हवी होती, ही चूकही कंपनीने मान्य केली. आठवडाभरात टोकियोजवळच्या आकिशिमा शाखेत अन्नात किड्याचा तुकडा सापडला. तेव्हा मात्र वाट न पाहता ते जाहीर झाले, ग्राहकाचे पैसे परत दिले गेले, आणि मॉलसारख्या ठिकाणची काही दुकाने वगळता देशभरातल्या सगळ्या शाखा ३१ मार्चच्या सकाळी ९ पासून ४ एप्रिलच्या सकाळी ९ पर्यंत बंद ठेवण्यात आल्या. ५ एप्रिलपासून चोवीस तासांची सेवा थांबली. पहाटे ३ ते ४ हा तास फक्त साफसफाईसाठी राखला गेला. चोवीस तास उघड्या असलेल्या स्वयंपाकघरात ओटे सरकवून मागची जागा धुवायला मोकळा वेळ कधीच मिळत नाही. तो तास देणे हा कारणाला भिडणारा उपाय होता, आणि त्यासाठी कंपनीने विक्रीचा रोजचा एक तास सोडला.

आता हेच एखाद्या मध्यम आकाराच्या, एकाच मालकाच्या हॉटेलाला कसे लागू होते ते एका कल्पित उदाहरणातून पाहता येईल. समजा, शनिवारी रात्री एका शहरातल्या हॉटेलात व्हेज पुलावाच्या ताटात झुरळ निघाले. ग्राहकाने चित्रफीत काढली, काउंटरवरच्या माणसाने ‘मसाल्याचे पान असेल’ म्हणून ताट उचलून नेले, आणि रविवारी दुपारपर्यंत ती चित्रफीत गावभर झाली. मालकाने पहिल्यांदा करायचे काम लिहिण्याचे नसते, बघण्याचे असते. रविवारीच स्वयंपाकघर बंद करून टॉर्च घेऊन शोधले की झुरळांच्या जागा सापडतात. शीतकपाटाच्या दाराची रबरी पट्टी, मोटरीजवळची उबदार जागा, भिंतीला टेकवलेल्या लाकडी फळीची मागची बाजू, ओल्या मोरीचे तोंड, पुठ्ठ्याची रिकामी खोकी. या हॉटेलात धुतलेली ताटे ज्या लाकडी फळीवर पालथी घालत, तिच्या मागेच ती निघाली. पेस्ट कंट्रोलचे महिन्याचे कंत्राट होते, पण कामगार फक्त बाहेरच्या बैठकीच्या जागेत फवारणी करून जात होता. नोंदवहीत गेल्या दोन महिन्यांच्या पानांवर सही नव्हती. फवारणी झाली की नाही हे तपासायचे काम मालकाचे होते, आणि त्याने ते केले नव्हते.

इथे उपायाचा तपशील कळीचा ठरतो, कारण ‘पेस्ट कंट्रोल करून घेतले’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक माफीनाम्यात असते आणि बहुतेक वेळा अपुरे असते. या झुरळाची मादी अंड्यांची पिशवी पोटाशी घेऊन हिंडते. एका पिशवीत साधारण ३० ते ४० अंडी असतात आणि उबदार हवेत महिन्याभरात ती फुटतात. फवारणीने समोरची झुरळे मरतात, पिशवीतली अंडी सहसा वाचतात. म्हणून एका रात्रीत स्वयंपाकघर झुरळमुक्त झाले असे कोणी लिहिले, तर ते शक्य नसते. फटींमध्ये जेलचे ठिपके लावायचे, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहणी करून दुसरी फेरी घ्यायची, आणि मधल्या काळात चिकट सापळ्यांवर किती झुरळे पडतात ते मोजत राहायचे, असा हा क्रम असतो. जेल लावलेल्या ठिकाणी वरून फवारणी केली तर झुरळे जेलला तोंडच लावत नाहीत, त्यामुळे घाईघाईने दोन्ही केले तर दोन्ही वाया जाते. मजकुरात पुढच्या फेरीची तारीख असेल, तर लिहिणाऱ्याला विषय कळला आहे असे समजायला हरकत नाही.

हे सगळे हाती आल्यावर मजकूर असा लिहिता येतो:

‘शनिवारी रात्री आमच्या स्टेशन रोडच्या हॉटेलात एका ग्राहकाच्या ताटात झुरळ निघाले. चित्रफितीत दिसते ते खरे आहे. त्यांनी सांगितल्यावर आमच्या माणसाने ते नाकारले, हीसुद्धा आमची चूक आहे. आम्ही त्या कुटुंबाची आणि त्या दिवशी आमच्याकडे जेवलेल्या सर्वांची माफी मागतो.

रविवारी दुपारपासून स्वयंपाकघर बंद आहे. धुतलेली ताटे ठेवण्याच्या लाकडी फळीमागे आणि मोरीजवळ झुरळे सापडली. महिन्याचे पेस्ट कंट्रोल स्वयंपाकघरात होते की नाही, हे दोन महिने तपासले गेले नव्हते. ती जबाबदारी मालक म्हणून माझी होती.

आतापर्यंत केलेले: उघडे आणि शिजवलेले सर्व अन्न टाकून दिले. लाकडी फळ्या काढून स्टीलच्या, भिंतीपासून सुट्या मांडण्या बसवल्या. मोरीला जाळी बसवली. सगळी भांडी पुन्हा धुऊन गरम पाण्यातून काढली. स्वयंपाकघरात जेलची पहिली फेरी सोमवारी झाली; दुसरी तीन आठवड्यांनी सोमवारी होईल. अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाला आम्ही लेखी कळवले आहे.

बाहेरच्या तपासनिसाची पाहणी झाल्याशिवाय हॉटेल उघडणार नाही. त्याचा अहवाल इथे आणि हॉटेलच्या दारावर लावू. शनिवारी जेवलेल्या कोणालाही त्रास झाला असेल तर खालच्या क्रमांकावर थेट माझ्याशी बोलावे. बंदच्या दिवसांचा पगार कामगारांना मिळेल.’

याखाली मालकाचे नाव, फोन, तारीख आणि परवाना क्रमांक येतो. या मजकुरात काय नाही तेही पाहण्यासारखे आहे. हॉटेलचा इतिहास नाही, स्वच्छतेला आम्ही नेहमीच प्राधान्य देतो हे वाक्य नाही, ग्राहकाने आधी आमच्याकडे यायला हवे होते अशी तक्रार नाही, आणि परत आल्यावर जेवणावर सूट देण्याचा प्रस्तावही नाही. सूट हा विक्रीचा मार्ग आहे. ज्याला झुरळ निघाल्याची भीती वाटते त्याला स्वस्त पुलाव नको असतो. पैसे परत द्यायचे ते द्यावेतच, पण ते त्या कुटुंबाशी बोलून, त्याचा गाजावाजा न करता. त्या ग्राहकाचे नाव किंवा चेहरा मजकुरात आणणे तर पूर्णपणे चूक. आधीच नको तेवढे लोक त्याला शोधत असतात.

झालेली आणि व्हायची कामे वेगळी ठेवणे ही यातली शिस्त आहे. ‘बसवली’ आणि ‘बसवू’ यांतला फरक वाचक लगेच टिपतो. ज्याची तारीख देता येत नाही ते काम मजकुरात घेऊ नये. जे अजून ठाऊक नाही, उदाहरणार्थ त्या रात्री आणखी कोणाला त्रास झाला का, त्यावर ‘आणखी कोणालाही त्रास झालेला नाही’ असे लिहिण्यापेक्षा ‘अजून कोणी कळवलेले नाही’ असे लिहिणे खरे असते. पहिले वाक्य दुसऱ्या दिवशी एका फोनने खोटे ठरू शकते.

मांडणीबाबत थोडे. इन्स्टाग्रामवर फोटोखाली २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येते, पण वाचणाऱ्याला आधी फक्त सुरुवातीच्या ओळी दिसतात आणि बाकीचे उघडून वाचावे लागते. त्यामुळे कोणती शाखा, काय झाले आणि हॉटेल बंद आहे की नाही, हे पहिल्या दोन वाक्यांत यायला हवे. बरीच हॉटेले सगळा मजकूर चित्रातच छापतात. लहान पडद्यावर तो वाचता येत नाही, आणि ज्यांना मोबाइल वाचून दाखवतो अशा अंध वाचकांपर्यंत तो पोहोचतच नाही. ग्राहक ज्या भाषेत तक्रार करत आहेत त्याच भाषेत मजकूर असावा. गावातल्या हॉटेलने फक्त इंग्रजीत माफी मागितली तर ती आपल्यासाठी आहे असे तिथल्या गिऱ्हाइकांना वाटत नाही. मजकूर नंतर काढून टाकणे किंवा गुपचूप बदलणे हे सर्वांत वाईट, कारण पहिल्या मजकुराचे फोटो लोकांनी काढून ठेवलेले असतात. दुरुस्ती करायची असेल तर खाली तारीख घालून ती वाढवावी.

एवढे स्पष्ट कबूल केले तर कायद्यात अडकू, अशी भीती मालकांना वाटते आणि त्यांचे वकीलही ती घालतात. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ मधला आहे. त्याच्या कलम ५४ नुसार अन्नात बाहेरचा पदार्थ आढळला, आणि कलम ५६ नुसार अन्न अस्वच्छ परिस्थितीत तयार केले, तर प्रत्येकी १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम ३२ खाली अधिकारी सुधारणेची नोटीस देतात. ती पाळली नाही तर परवाना निलंबित होतो. ही कारवाई अधिकाऱ्याच्या पाहणीवर आणि नमुन्यांवर चालते. चित्रफीत पसरलेली असताना मजकुरात मोघम लिहिल्याने फळीमागची झुरळे अधिकाऱ्यापासून लपत नाहीत. मात्र मालकाने न तपासलेली गोष्ट कबूल करू नये हे वकिलांचे म्हणणे बरोबर आहे. एखाद्याला उलट्या झाल्या असतील, तर त्या याच जेवणाने झाल्या की नाही हे डॉक्टर आणि प्रयोगशाळा ठरवतील. मजकुरात तेवढेच लिहावे आणि त्या माणसाचा दवाखान्याचा खर्च वाद न घालता उचलावा.

तक्रार खरी नसेल तेव्हाही हीच पद्धत उपयोगी पडते. कधी दुसऱ्याच हॉटेलचा जुना फोटो नव्याने फिरतो. अशा वेळी ‘आमची बदनामी करण्याचा डाव’ असे लिहिण्याऐवजी फोटोतल्या फरशीचा आणि ताटांचा फरक दाखवावा, त्या दिवशीच्या बिलांची नोंद तपासली असल्याचे सांगावे, अधिकाऱ्यांना पाहणीसाठी बोलावले असल्याची तारीख द्यावी. आणि तपास पूर्ण होईपर्यंत तक्रार खोटी आहे असे म्हणू नये. सुकियाच्या वाटीतला उंदीर अनेकांना बनावट वाटला होता. तो खरा निघाला.

मजकूर टाकून काम संपत नाही, कारण त्यातल्या तारखा अजून यायच्या असतात. वर दिलेल्या उदाहरणात तीन आठवड्यांनी दुसरी फेरी झाली की मालकाने पुन्हा चार ओळी लिहायच्या: चिकट सापळ्यांवर पहिल्या आठवड्यात किती झुरळे पडली, आता किती पडतात, तपासनिसाने काय लिहिले, त्याने सांगितलेले कोणते काम बाकी आहे. या चार ओळी फारशा कोणी वाचत नाही. चर्चा तोवर दुसरीकडे गेलेली असते, आणि म्हणूनच बहुतेक हॉटेले त्या लिहीत नाहीत.

वाचकांनी मात्र तेवढा पाठपुरावा करावा. आपल्या नेहमीच्या हॉटेलचा माफीनामा समोर आला तर त्यात शाखा, सापडलेले कारण, पुढची तारीख आणि जबाबदार माणसाचे नाव आहे का ते पाहावे आणि ती तारीख उलटल्यावर अहवाल मागावा. मिळाला नाही, तर हॉटेलच्या बिलावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक छापलेला असतो. तो आणि तारीख देऊन अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी.